५० मिलीची ब्युरेट वजनावर तपासताना : प्रकल्प नोंदी

८ जुलै

एम. एस्सी.च्या प्रात्यक्षिकात पाण्याची कठीणता ईडीटीए या रसायनाने टायट्रेशन करून काढायची होती. नमुना एकाच कॅनमधला, ईडीटीए एकाच बाटलीतलं, इंडिकेटरही तेच. तरी एका टेबलावर ईडीटीए २८.३५ मिली लागलं आणि शेजारच्या टेबलावर २८.४५. मुलांनी जागा बदलून पुन्हा टायट्रेशन केलं, तेव्हा जास्त रीडिंग मुलांबरोबर हललं नाही, टेबलापाशीच राहिलं. म्हणजे हाताचा दोष नाही. पहिल्या टेबलावर ३ नंबरची ब्युरेट आहे, दुसऱ्यावर ७ नंबरची. पिपेट दोन्ही टेबलांना एकच वापरली होती, म्हणून तिच्याकडे आत्ता बघत नाही.

दोन्ही ब्युरेटवर ‘ए’ वर्ग, २७ अंश सेल्सिअस आणि ±०.०५ असा ठसा आहे. परदेशी काचसामान बहुधा २० अंशांना धरून आखलेलं असतं. आपल्याकडे उष्ण हवामानामुळे २७ अंश हे संदर्भ तापमान चालतं. ±०.०५ ही चुकीला दिलेली सूट, म्हणजे शून्यापासून कुठल्याही खुणेपर्यंत पाणी सोडलं, तरी चूक ०.०५ मिलीच्या वर जाता कामा नये. हा ठसा खरा आहे का, ते आता पाण्याचं वजन करून बघायचं.

९ जुलै

आजचा दिवस धुण्यात गेला, आणि तो जायलाच हवा होता. ७ नंबरमध्ये डिस्टिल्ड वॉटर भरून तोटी उघडली, तर १८ च्या खुणेजवळ एक थेंब काचेला चिकटून मागे राहिला. खाली २४ पाशी आणखी एक. काच स्वच्छ असेल तर पाणी खाली उतरताना मागे सलग पातळ थर राहतो, तो कुठे फाटत नाही. थेंब राहिला म्हणजे तिथे तेलकट काहीतरी आहे. असा एक थेंब सहज ०.०१ ते ०.०२ मिलीचा असतो. आपण शोधतोय ती चूक याच मापाची आहे, त्यामुळे हे थेंब गेल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

पूर्वी यासाठी क्रोमिक अ‍ॅसिड वापरायचे. त्यातलं क्रोमियम विषारी आहे, शिवाय काचेला चिकटून राहतं, म्हणून आमच्याकडे ते बंद आहे. कोमट पाण्यात डिटर्जंट घालून लांब दांड्याच्या ब्रशने घासलं, तासभर तसंच भरून ठेवलं, मग नळाच्या पाण्याने खूप वेळा आणि शेवटी डिस्टिल्डने खळबळून काढलं. ३ नंबर एवढ्यावर साफ झाली. ७ नंबरला अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड थोडा वेळ लावावं लागलं. ते फार वेळ ठेवलं तर काच खातं, त्यामुळे काही मिनिटांतच धुऊन टाकलं. आता थर एकसंध उतरतो.

संध्याकाळी गळती बघितली. शून्यावर भरून, टोक टिपून, वीस मिनिटं तशाच उभ्या ठेवल्या. ३ नंबर हलली नाही. ७ नंबरचा मेनिस्कस, म्हणजे पाण्याचा वक्र पृष्ठभाग, ०.०३ पर्यंत उतरला होता आणि टोकाला थेंब लोंबत होता. तोटी टेफ्लॉनची आहे, तिला ग्रीस लागत नाही. मागची चकती थोडी आवळल्यावर गळती थांबली. ही गळती आधी थांबवली नसती, तर पुढच्या सगळ्या वजनांत ती ब्युरेटच्या आखणीची चूक म्हणून मोजली गेली असती.

१० जुलै

पाणी, फ्लास्क आणि बॅलन्स एकाच तापमानाला यायला हवेत, म्हणून काल रात्रीच डिस्टिल्ड वॉटरची बरणी बॅलन्सच्या खोलीत आणून ठेवली होती. सकाळी दहाला पाणी २८.० अंश, खोलीची हवा २८.२. दशांश अंश दाखवणारा थर्मामीटर वापरतोय. साध्या एक अंशाच्या थर्मामीटरवर भागत नाही. २८ अंशांच्या आसपास तापमान एक अंशाने चुकलं, तर ५० मिलीच्या हिशेबात ०.०१४ मिलीचा फरक पडतो. ब्युरेटला दिलेल्या सुटीचा हा चौथा हिस्सा निव्वळ थर्मामीटरपायी जातो.

बॅलन्स मिलिग्रॅमपर्यंत वाचणारा घेतला. एक मिलिग्रॅम म्हणजे ०.००१ मिली. ब्युरेटवर डोळ्याने आपण फार तर ०.०१ वाचतो, तेव्हा त्याहून नाजूक बॅलन्सची गरज नाही. ५० ग्रॅमच्या प्रमाणित वजनाने तो आधी तपासून घेतला. पाणी घ्यायला बुचाचा १०० मिलीचा कॉनिकल फ्लास्क. तो आतून कोरडा नसला तरी चालतो, कारण दर वेळी सुरुवातीचं वजन वेगळं घेतोय. बाहेरून मात्र कोरडा हवा. मुलांना तो कागदाच्या पट्टीने धरायला सांगितलं, म्हणजे बोटांचा ओलावा आणि उष्णता त्याला लागत नाही.

बूच का, ते मुलांना दाखवायचं होतं. ओला फ्लास्क उघडाच पॅनवर ठेवला आणि आकडा बघत बसलो. पाच मिनिटांत तीन मिलिग्रॅम उतरला. बूच लावलं तर आकडा जागचा हलला नाही. पंखा सुरू असता तर उघड्या फ्लास्कातून याच्या कितीतरी पट पाणी गेलं असतं. पावसाळ्यात खोली कोंदट होते म्हणून पंख्याचं बटण दाबायचा मोह होतो. प्रयोगशाळेतल्या मामांनी त्या बटणावर सरळ चिकटपट्टीच लावून टाकली.

११ जुलै

आज पाणी सोडायची पद्धत ठरवली. ७ नंबर शून्यावर भरून तोटी पूर्ण उघडली आणि ३० वर बंद केली. लगेच रीडिंग बरोबर ३०.००. एक मिनिट थांबून पुन्हा बघितलं तर २९.९६. तोटी बंद होती, तरी वरच्या भिंतीवरचा थर सावकाश खाली उतरून मेनिस्कस चढला. म्हणजे घाईने सोडलं आणि ताबडतोब वाचलं, तर नुसत्या घाईपायी ०.०४ मिली चुकतं. सावकाश सोडलं तर मिनिटभराने ०.०१ देखील चढत नाही.

म्हणून असं ठरलं : तोटी अर्धवट उघडायची, खुणेच्या थोडं आधी थांबायचं, तीस सेकंद जाऊ द्यायची, मग थेंबाथेंबाने खुणेवर यायचं. टोकाला लोंबणारा थेंब फ्लास्कच्या आतल्या भिंतीला टेकवून घ्यायचा, कारण तोही सोडलेल्या पाण्यातच मोजला जातो. खुणेवर नेमकं थांबण्यासाठी झगडायचं नाही. २०.०१ वर थांबलं तर २०.०१ लिहायचं. टायट्रेशन करतानाही हीच चाल ठेवायची, नाहीतर इथे काढलेली दुरुस्ती तिथे लागू पडणार नाही.

वाचताना मेनिस्कसच्या किंचित खाली, मागच्या बाजूने काळ्या कागदाची पट्टी धरतो. खालची कड गडद होऊन स्पष्ट दिसते. डोळा पातळीत आहे की नाही, हे पूर्ण वेढा असलेल्या मोठ्या खुणेवरून कळतं. पुढची आणि मागची रेघ एकावर एक आली की डोळा बरोबर जागी आहे.

दुसरा निर्णय, दर वेळी शून्यापासून सुरुवात. ० ते १०, मग भरून ० ते २०, पुन्हा भरून ० ते ३०, असं. दहा-दहा मिलीचे तुकडे वेगवेगळे मोजून बेरीज केली, तर प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांच्या वाचनचुका बेरजेत साचत जातात. शिवाय टायट्रेशनही आम्ही शून्यापासूनच करतो.

१२ जुलै

वजनावरून मिलीत येण्याचा हिशेब. एक ग्रॅम म्हणजे एक मिली हे शाळेत चालतं, इथे ते चालत नाही. २८ अंशांना पाण्याची घनता ०.९९६२३६ ग्रॅम प्रति मिली आहे. त्याशिवाय हवेचा भाग आहे : ५० मिली पाणी तेवढीच हवा बाजूला सारतं आणि ती हवा पाण्याला वर उचलते, त्यामुळे बॅलन्स कमी दाखवतो. बॅलन्स ज्या पोलादी वजनांवर बसवलेला असतो, त्यांनाही हवा उचलते, पण त्यांची घनता ८.० असल्याने फार कमी.

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर वर. विभागातल्या बॅरोमीटरवर दाब ९४८ हेक्टोपास्कल होता. त्यावरून इथली हवा मिलीला सुमारे १.०९ मिलिग्रॅम भरते. मुंबईत याच तापमानाला ती १.१७ च्या जवळ असेल. तयार तक्ते बहुधा समुद्रसपाटीच्या दाबाचे असतात. ते इथे वापरले तर ५० मिलीला साडेतीन मायक्रोलिटर, म्हणजे ०.००३५ मिलीचा फरक पडतो. त्याने निकाल बदलणार नाही, पण दाब समोर लिहिलेला असताना तो वापरायचा नाही हे मला पटत नाही.

सूत्र असं. `m` हे पाण्याचं बॅलन्सवरचं वजन, `ρw` पाण्याची घनता, `ρa` हवेची, `t` पाण्याचं तापमान. शेवटचा कंस काचेच्या प्रसरणाचा.

```
V27 = m × (1 − ρa/8.0) / (ρw − ρa) × [1 − 0.0000099 × (t − 27)]
```

२८.० अंशांसाठी आकडे घातले की पहिला भाग १.००४७४ येतो, काचेचा कंस धरून १.००४७३. वजनाला फक्त या आकड्याने गुणायचं. याला झेड गुणक म्हणतात. २७ अंशांना तो १.००४४६ आणि २९ ला (काच धरून) १.००५०१ येतो. दिवसभरात पाणी एखाद्या दशांशाने सरकलं, तर यांच्यामध्ये सरळ प्रमाणाने आकडा काढला तरी पुरतं.

यातलं कुठलं कारण किती मोठं, हे मुलांनी स्वतः काढून बघितलं आणि फळ्यावर तसंच ठेवलंय. बिनचूक ५० मिली पाणी इथे बॅलन्सवर ४९.७६४ ग्रॅम दिसेल. घटीतला ०.१८८ ग्रॅमचा भाग पाण्याच्या घनतेमुळे, ०.०४८ चा हवेमुळे. काच एका अंशाला फुगते ती अर्धा मायक्रोलिटर, म्हणजे दिसतच नाही. ‘तापमानाची दुरुस्ती’ म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे काच फुगणं येतं. बोरोसिलिकेट काचेत ते नगण्य आहे. तापमान घ्यायचं ते पाण्याच्या घनतेसाठी. म्हणून थर्मामीटर खोलीच्या भिंतीवर बघायचा नाही, वजन झाल्यावर लगेच फ्लास्कातल्या पाण्यात बुडवायचा.

हवेच्या त्या ०.०४८ कडे पुन्हा एकदा बघावं. ब्युरेटला सूट आहे ±०.०५ ची. हवा हिशेबात न धरणारा माणूस जवळजवळ पूर्ण सूट तिथेच खर्च करतो आणि चांगली ब्युरेट बाद ठरवतो.

१५ जुलै

७ नंबरची वजनं पूर्ण झाली. पाणी दिवसभर २८.० वर टिकलं, हे पावसाळ्याचं देणं. प्रत्येक टप्पा तीनदा केला. ३० च्या टप्प्यावर २९.७९५, २९.७८९ आणि २९.७९८ ग्रॅम आले, सरासरी २९.७९४. तिघांमध्ये नऊ मिलिग्रॅमचा फरक आहे, म्हणजे ०.००९ मिली. डोळ्याने मेनिस्कस वाचण्याचीच तेवढी मर्यादा असते, त्यामुळे हे ठीक. वीस-तीस मिलिग्रॅमचा फरक आला असता, तर टोकातला बुडबुडा किंवा काचेवरचा थेंब शोधायला लागलो असतो. शून्यावर भरताना टोकात अडकलेला बुडबुडा मध्येच सुटला, की तेवढं पाणी फ्लास्कात न पडता टोकात बसतं आणि एकच वजन बाकीच्यांपेक्षा कमी येतं. त्याची ओळख हीच.

| ब्युरेटवरचं रीडिंग | पाण्याचं वजन, ग्रॅम | खरं आकारमान, मिली | दुरुस्ती, मिली |
|---|---|---|---|
| १०.०० | ९.९४१ | ९.९८८ | −०.०१२ |
| २०.०१ | १९.८८० | १९.९७४ | −०.०३६ |
| ३०.०० | २९.७९४ | २९.९३५ | −०.०६५ |
| ४०.०२ | ३९.७६३ | ३९.९५१ | −०.०६९ |
| ४९.९८ | ४९.७०० | ४९.९३५ | −०.०४५ |

या तक्त्यात जे दिसतंय त्यासाठीच सगळा खटाटोप होता. ब्युरेट शेवटच्या टोकाला सुटीत बसते. फक्त ० ते ५० तपासून कोणी शेरा मारला असता तर ती पास झाली असती. ३० आणि ४० ला मात्र ती ०.०५ च्या पलीकडे आहे. आमची बहुतेक टायट्रेशनं वीस ते चाळीसच्या दरम्यान संपतात, नेमकी तिथेच ती जास्त चुकते.

दुरुस्ती टप्प्याटप्प्याने कशी वाढते ते बघितलं की नळीचा आकारच हाताला लागतो. १० ते ३० या भागात ती दर दहा मिलीला जवळपास ०.०२५ मिलीने मागे पडते, म्हणजे तिथे नळीचं आतलं छिद्र आखणीच्या मानाने किंचित अरुंद आहे. ३० ते ४० ठीक. ४० च्या पुढे छिद्र जरा रुंद होतं आणि घाटा थोडा भरून निघतो. आखणी सगळीकडे सारख्या अंतराने छापलेली आहे. नळी मात्र आतून सगळीकडे सारखी नाही.

१६ जुलै

३ नंबर. तिन्ही फेऱ्या शांतपणे झाल्या. पाणी २७.८ अंश, गुणक त्याप्रमाणे. दुरुस्त्या : १० ला +०.००४, २० ला +०.०१२, ३० ला +०.०२१, ४० ला +०.०१८, ५० ला +०.००९. कुठेही सुटीच्या अर्ध्यापर्यंतही जात नाही. ही चांगली ब्युरेट आहे.

१७ जुलै

दोन्हींचा आलेख काढला. आडवं रीडिंग, उभी दुरुस्ती, मोजलेले बिंदू सरळ रेघांनी जोडलेले. त्यांतून वक्र ओढायचा नाही असं मुलांना सांगितलं. पाच बिंदूंमधून ओढलेला सुबक वक्र मधल्या भागाबद्दल आपल्याला नसलेली माहिती असल्यासारखं दाखवतो.

आता त्या कठीणतेच्या टायट्रेशनकडे. ७ नंबरवर रीडिंग २८.४५. २० ची दुरुस्ती −०.०३६, ३० ची −०.०६५; मधल्या प्रमाणाने २८.४५ ला −०.०६. खरं आकारमान २८.३९. ३ नंबरवर २८.३५ ला +०.०२, म्हणजे २८.३७. दहा शतांशांचा फरक दोनवर आला. एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा असतो, आणि शेवटचा थेंब पूर्ण पडला की अर्धा यात माणसामाणसांत इतका फरक राहणारच. उरलेल्या दोन शतांशांच्या मागे लागायचं नाही.

७ नंबर ‘ए’ वर्गात राहू शकत नाही, पण फेकायचीही नाही. ‘बी’ वर्गाला ५० मिलीसाठी ±०.१ ची सूट असते, त्यात ती आरामात बसते. पदवीच्या वर्गांना देतोय. तिच्या स्टँडला दुरुस्तीचं कार्ड लॅमिनेट करून लावलं. त्यावर तारीख, पाण्याचं तापमान, दाब आणि सोडण्याची पद्धत लिहिली आहे. तोटी बदलली किंवा टोक तुटून दुसरं बसवलं, तर नळीचं छिद्र बदलत नाही, पण पाणी सोडण्याचा वेग बदलतो, म्हणून तेव्हा ३० चा एक टप्पा तरी पुन्हा करायचा.

२२ जुलै

२५ मिलीची ती पिपेटही त्याच रीतीने घेतली. इथे एकच खूण, म्हणून काम पटकन उरकलं. पाणी आपोआप उतरू द्यायचं, मग टोक भिंतीला टेकवून थोडं थांबायचं. टोकात उरतं ते फुंकायचं नाही. ते तिथेच राहणार हे धरूनच खूण आखलेली असते. २८ अंशांना सरासरी २४.८७३ ग्रॅम, म्हणजे २४.९९१ मिली. ±०.०३ च्या आत. एका मुलाने मुद्दाम फुंकून बघितलं, तेव्हा वजन जवळजवळ पन्नास मिलिग्रॅमने वाढलं. सूटच ओलांडली.

१४ जानेवारी

प्रयोगशाळा सकाळी २० अंशांवर. दुरुस्तीचं कार्ड २८ अंशांच्या पाण्यावर काढलेलं, ते आता चालेल का, असं एका मुलीने विचारलं. कार्ड चालतं. दुरुस्त्या २७ अंशांच्या काचेला धरून आहेत, आणि काच सात अंशांनी आकसली तर ५० मिलीला फक्त ०.००३५ मिली कमी होतं.

द्रावणाचं तसं नाही. २८ ते २० अंशांत पाण्याची घनता जवळजवळ ०.२ टक्क्यांनी वाढते, आणि पातळ द्रावणाचं वागणं पाण्यासारखंच. ऑक्टोबरमध्ये २८ अंशांना प्रमाणित केलेलं ०.१००० मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल आज ०.१००२ मोलर आहे. ०.१३२५ ग्रॅम सोडियम कार्बोनेट वजन करून घेतलं तर तेव्हा २५.०० मिली लागायचं, आज २४.९५ च्या जवळ लागेल. कार्बोनेट तराजूवर मोजलंय, त्याला थंडीने काही होत नाही, म्हणून पूर्ण फरक रीडिंगवर येतो. कठीणतेच्या नमुन्यात तसं होत नाही, कारण पिपेटने घेतलेला नमुनाही ईडीटीएइतकाच आकसलेला असतो आणि दोघांचा परिणाम एकमेकांत जिरतो.

आजपासून आम्लाच्या बाटलीच्या लेबलवर मोलॅरिटीशेजारी प्रमाणित करतानाचं तापमानही लिहायचं. सोडियम कार्बोनेट भट्टीत वाळत घातलंय, उद्या २० अंशांनाच आम्ल पुन्हा प्रमाणित करतो, ३ नंबरच्या ब्युरेटवर.